मुलाखतीला न आलेला उमेदवार: खरी अडचण आणि बेफिकिरी वेगळी कशी ओळखायची

प्रश्न: वाळूजला आमचं ऑटो पार्ट्सचं युनिट आहे, दीडशे माणसं. मागच्या महिन्यात २० मुलांना मुलाखतीला बोलावलं, ११ आली, त्यातली तीन तासभर उशिरा. प्रत्येकाकडे काहीतरी कारण असतंच. खरं कोण बोलतंय, खोटं कोण, हे ओळखायचं कसं? मालक म्हणतात, उशिरा आला की गेटवरूनच परत पाठवा.

उत्तर:

सतरा वर्षं मी वाळूज आणि चिकलठाण्यातल्या कारखान्यांसाठी भरती करते आहे. त्यातली पहिली चार-पाच वर्षं मीही हेच ओळखायच्या मागे होते. आवाजावरून, चेहऱ्यावरून, कारण किती पटतंय त्यावरून. यात दोन्ही बाजूंनी फसायला होतं. ज्याला बोलता येतं त्याचं खोटं कारण पटतं. खेड्यातून पहिल्यांदाच कंपनीच्या दारात आलेला मुलगा मात्र खरी गोष्टसुद्धा अडखळत सांगतो आणि आपल्याला संशय येतो.

म्हणून आता मी कारण खरं की खोटं हे ठरवत बसत नाही. दोनच गोष्टी विचारते. आपल्याला वेळेवर पोचता येणार नाही हे तुम्हाला कधी कळलं? आणि कळल्यावर तुम्ही आम्हाला कधी कळवलं? या दोन वेळांमधलं अंतर मला कारणापेक्षा जास्त सांगून जातं. घरात आजारपण आलं, गाडी बंद पडली, यात माणसाच्या हातात काही नसतं. फोन करणं बहुतेक वेळा त्याच्या हातात असतं. 'बहुतेक वेळा' म्हणते, कारण काही वेळा तेही नसतं. त्याबद्दल पुढे सांगते.

एका दिवसाची गोष्ट सविस्तर सांगते. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या दोन जागा होत्या, डिप्लोमा झालेली नऊ मुलं बोलावली होती. पहिल्यांची वेळ साडेदहाची. सहा जण वेळेत आले, तिघं नाहीत.

पहिला मुलगा गेवराई तालुक्यातला. त्याचा ९ वाजून ४० मिनिटांनी फोन आला, "मॅडम, अडूळजवळ एसटी पंक्चर झालीय, दुसरी गाडी बघतोय." पोचला ११ वाजून ५० मिनिटांनी, शर्ट घामाने भिजलेला, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "गेवराईहून कितीची गाडी धरली होतीस?" म्हणाला, साडेसातची. आता हिशेब बघा. गेवराई ते संभाजीनगर शंभरेक किलोमीटर, एसटीला सव्वादोन-अडीच तास. म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरी तो दहाच्या सुमारास मध्यवर्ती बसस्थानकावर उतरला असता. तिथून छावणी, वाळूजजवळचं पंढरपूर गाव असं करत वाळूज एमआयडीसीत यायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, आणि स्टॉपवरून प्लॉटपर्यंत पायी पंधरा. पंक्चर झालं नसतं तरी तो साडेदहाच्या आत आला नसता.

म्हणजे पंक्चर खरं होतं, आणि तरीही उशिराचं पूर्ण कारण ते नव्हतं. अशी प्रकरणं सगळ्यात जास्त असतात आणि 'खरं की खोटं' या प्रश्नात ती बसतच नाहीत. कितीची गाडी धरली हा साधा प्रश्न मी बाहेरगावच्या प्रत्येक उशिरा आलेल्याला विचारते. उलटतपासणीच्या सुरात विचारायचं नाही, विचारपूस करतो तसं विचारायचं. ज्याने पहाटे साडेपाचची गाडी धरली आणि तरी अडकला, त्याचा उशीर मी पूर्ण माफ धरते. ज्याने धरलेली गाडी मुळातच उशिराची होती, त्याच्याबद्दल 'वेळेचा अंदाज कच्चा' एवढं लिहून ठेवते. नापास करत नाही. या मुलाने मुलाखतीची वेळ व्हायच्या पन्नास मिनिटं आधी फोन केला होता आणि आल्यावर मी विचारलं ते सरळ सांगितलं. त्याला सगळ्यांच्या शेवटी घेतलं.

दुसरा मुलगा मुकुंदवाडीचा, म्हणजे शहरातलाच. सव्वाअकराला आत आला. फोन नाही, मेसेज नाही. "सॉरी मॅडम, उशीर झाला," एवढंच बोलून खाली मान घालून बसला. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर लाइन सोडून मुलाखतीला बसले होते, त्यांचा पारा चढला. गावातला असून पाऊण तास उशीर आणि वर कारणही नाही, याला पाठवा परत. मलाही तेच वाटलं होतं. पण परत पाठवायचं म्हणजे गेट पासवर सही लागते, ती करताना मी त्याची आत येण्याची वेळ बघायला गेट रजिस्टर मागवलं. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे वेळ होती १० वाजून १८ मिनिटं.

झालं असं होतं की मुलाखतींची यादी मी रिसेप्शनला दिली होती, गेटवर दिलीच नव्हती. पाळी बदलली तसे गेटवरचे मामाही बदलले. नव्या मामांनी त्याला बाकड्यावर बसवलं, कोणाला तरी विचारतो म्हणाले, आणि मग मालाची गाडी आली. जवळजवळ तासभर तो आमच्याच दारात बसला होता. मी विचारलं, "मग आल्या आल्या सांगितलं का नाहीस?" तर म्हणाला, "पहिल्याच दिवशी कंपनीच्या माणसाची तक्रार कशी करायची?"

आपल्याकडची खूप मुलं अशीच आहेत. मोठ्या माणसासमोर आपली बाजू मांडणं त्यांना उद्धटपणा वाटतो. तुमच्या ज्या तिघांना तासभर उशीर झाला, त्यांची गेटवरची वेळ एकदा बघा. तिन्ही वेळा चूक तुमचीच निघेल असं मी म्हणत नाही, पण बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. कॉल लेटरवरचा पत्ताही तपासा. नुसतं 'वाळूज' लिहिलं की बाहेरगावचा मुलगा नगर रोडने थेट वाळूज गावात जाऊन उतरतो, आणि एमआयडीसी तर त्याच्या अलीकडेच पंढरपूरजवळ सुरू होते. प्लॉट नंबरच्या आधीचं सेक्टरचं अक्षर राहिलं तर रिक्षावालासुद्धा फिरत राहतो. मी आता पत्त्याबरोबर 'कोणत्या चौकात उतरायचं' आणि 'कोणत्या कंपनीच्या समोर' हे दोन्ही लिहिते आणि मोबाइलवर नकाशाचं लोकेशन पाठवते. ते लोकेशन मेन गेटचं आहे ना, हेसुद्धा स्वतः उघडून बघते, कारण एकदा ते मागच्या मटेरियल गेटचं गेलं होतं.

तिसरा मुलगा आलाच नाही. फोन बंद. तीन दिवसांनी मेसेज आला की वडिलांना मुलाखतीच्या आदल्या रात्री घाटी दवाखान्यात दाखल केलं होतं, माफ करा, जमलं तर पुन्हा संधी द्या. फोन करणंही काही वेळा हातात नसतं असं मी वर म्हणाले, ते हे. सरकारी दवाखान्यात रात्रभर माणसाजवळ बसलेल्या पोराच्या मोबाइलला चार्जिंग नसतं, आणि असलं तरी मुलाखत त्याच्या डोक्यात नसते. नसावीच. मी त्याला फोन केला, वडील कसे आहेत विचारलं, आणि पुढच्या आठवड्यातले दोन दिवस सुचवले. कागद मागितला नाही.

कागद का मागत नाही, तेही सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलाने फोन केला की वडील वारले, येता आलं नाही. त्या महिन्यात माझ्याकडे तिसऱ्यांदा कोणीतरी वारलं होतं, आणि आधीचं एक खोटं निघालं होतं. मी म्हटलं, काही पुरावा असेल तर पाठव. त्याने स्मशानभूमीच्या पावतीचा फोटो पाठवला. तारीख तीच, नाव वडिलांचं. मी माफी मागून नवी तारीख दिली, पण तो आला नाही, आणि का यावं त्याने? त्यानंतर मी मृत्यू आणि दवाखाना या दोन कारणांना कधीही पुरावा मागितला नाही. यात चार-दोन जण फसवून जातात, हे मला माहीत आहे. ते एकदा फसवतात. त्यांना एक जादा तारीख मिळते, नोकरी मिळत नाही. खोटं बोलणारा दुसऱ्या तारखेलाही सहसा येत नाही.

आता काही कारणं अशी असतात की ती उमेदवाराला विचारायचीच नसतात, आपण आपल्या खुर्चीतून तपासू शकतो. २०२१ च्या शेवटी एसटीचा संप झाला आणि तो पुढे काही महिने चालला. त्या काळात बीड-परभणीच्या मुलाला 'उशीर का' विचारण्यात काही अर्थ नव्हता. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, त्यानंतर मराठवाड्यात ठिकठिकाणी एसटी बंद झाली, रस्ते अडले. २०२५ च्या सप्टेंबरात पुराने गावं पाण्यात गेली. अशा दिवशी फोन आधी आपण करायचा आणि 'निघू नका, तारीख बदलतो' असं सांगायचं. संप, पूर, रास्ता रोको, इंटरनेट बंदी यांची बातमी सकाळी आपल्याला कळलेली असते, आणि तरीही दहा वाजता मुलांची वाट बघत बसलो तर त्यात मुलांची काय चूक? रेल्वेने येणाऱ्यांचंही थोडं तसंच. परभणीहून संभाजीनगरला येणारा मार्ग एकेरी, समोरून गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला थांबावं लागतं. नांदेड-परभणीच्या मुलाला सकाळी दहाची वेळ देऊच नये. बाहेरच्या जिल्ह्यांतल्या सगळ्यांना मी आता दुपारी साडेबारानंतर बोलावते आणि शहरातल्यांना सकाळी. एवढ्या एका बदलाने उशिरा येणाऱ्यांची संख्या जितकी घटली, तितकी दुसऱ्या कशानेही घटली नाही.

एवढं सगळं करूनही बेफिकीर मुलं उरतात. ती कशी ओळखू येतात? तो स्वतःहून कधीच संपर्क करत नाही, आपण फोन केला की मगच कारण सांगतो. रिसेप्शनच्या मॅडमना एक कारण आणि मला दुसरं. 'पुन्हा बोलवा' म्हणतो, पण कोणत्या दिवशी जमेल हे विचारलं की 'बघून सांगतो'. खरी अडचण आलेला मुलगा दिवस चटकन सांगतो, कारण त्याला यायचंच असतं. ही खूण माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची आहे. आणि दुसऱ्यांदा न कळवता गैरहजर राहिला, तर मी त्याचं नाव त्या जागेसाठी बंद करते, कारण काहीही असलं तरी. त्यात अन्याय होण्याची शक्यता आहे, पण जागा अनिश्चित काळ रिकामी ठेवली तर बाकीच्यांवर होतो.

तुमच्या २० मधल्या न आलेल्या नऊ जणांपैकी बरेच, माझ्या अंदाजाने, ना अडचणीतले ना बेफिकीर. त्यांना यायचंच नव्हतं. दुसरीकडे नोकरी लागली असेल, पगार ऐकून मन बदललं असेल, पोलीस भरतीची मैदानी चाचणी त्याच दिवशी असेल. पण फोनवर 'येतोस ना?' विचारलं की मुलगा 'हो सर' म्हणतो. नाही म्हणणं जड जातं. भरतीची तयारी चालू आहे हे तर तो मुळीच सांगणार नाही, कारण मग तुम्ही त्याला घेणार नाही अशी त्याला भीती असते. म्हणून नाही म्हणायची वाट सोपी करून द्या. मी आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला हा मेसेज पाठवते:

"उद्या दुपारी १ वाजता तुमची मुलाखत आहे. येणार असाल तर १, दुसरी तारीख हवी असेल तर २, यायचं नसेल तर ३ एवढंच लिहून पाठवा. २ किंवा ३ लिहिल्याने पुढच्या वेळी काही अडचण येणार नाही."

शेवटचं वाक्य काढू नका, त्याच्यामुळेच मुलं ३ लिहितात. ज्याचं रात्री आठपर्यंत उत्तर नाही त्याला एक फोन. तोही उचलला नाही तर त्याची वेळ मी यादीत सगळ्यात शेवटी टाकते, म्हणजे तो नाही आला तरी मधे पोकळी पडत नाही आणि मॅनेजर लाइन सोडून रिकामे बसत नाहीत.

आता मालकांच्या गेटवरून परत पाठवायच्या नियमाबद्दल. त्यांची चिडचिड समजते. मुलाखत घेणाऱ्या तीन माणसांचा तास जातो, त्या वेळात लाइनवर काय काय अडतं हे त्यांनाच माहीत. आणि पाळीचं काम असेल तर वेळेवर येणं ही त्या नोकरीची अटच आहे. पहिल्या पाळीचा माणूस आला नाही तर रात्रपाळीवाल्याला रिलीव्हर मिळत नाही, त्याला थांबावं लागतं. तेव्हा ऑपरेटर, इन्स्पेक्टर यांच्या बाबतीत वेळेकडे बघणं बरोबरच आहे. टूलरूम किंवा डिझाइनचा अनुभवी माणूस असेल, जो आत्ता दुसरीकडे नोकरी करतो, त्याचं वेगळं. त्याचा सुपरवायझर ऐन वेळी सोडत नाही, रजा मागितली तर संशय येतो. त्याला संध्याकाळची वेळ द्या, किंवा साप्ताहिक सुट्टी विचारून बोलवा. प्रत्येक ठिकाणी ती रविवारीच असते असं नाही.

पण गेटवर निर्णय घेऊ देऊ नका. गेटवरच्या माणसाला त्याने फोन केला होता की नाही हे माहीत नसतं, पहाटेची गाडी धरली होती की नाही हेही माहीत नसतं. माझा नियम असा आहे, आणि तो कॉल लेटरमध्येच छापलेला असतो. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर धरायचा नाही. त्याहून जास्त उशीर होणार असेल आणि वेळेच्या आधी फोन केला असेल, तर त्याच दिवशी सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं. न कळवता पंधरा मिनिटांच्या पुढे गेला, तर आत बसवून दोन मिनिटं त्याचं ऐकायचं आणि त्याची गेटवरची वेळ बघायची. चूक आपली असेल तर लगेच घ्यायचं, नाहीतर त्या दिवशी मुलाखत नाही, पण दोन दिवसांत स्वतःहून तारीख मागितली तर एकदा द्यायची. पन्नास-शंभर किलोमीटरवरून आलेल्याला मात्र मी रिकामा परत पाठवत नाही, पाच मिनिटं का होईना बोलते. त्याच्या घरून येण्या-जाण्याच्या तिकिटाचे पैसे कोणीतरी काढून दिलेले असतात.

हा नियम सगळ्यांना सारखा लावायचा, आणि इथेच तो मोडतो. कोणाचा तरी भाचा, कोणाच्या गावचा, नगरसेवकाने पाठवलेला, असा मुलगा दीड तास उशिरा येतो आणि त्याला चहा मिळतो. बाहेर बाकड्यावर बसलेली बाकीची मुलं ते बघत असतात, आणि संध्याकाळपर्यंत ते बजाजनगरच्या खोल्याखोल्यांत पोचलेलं असतं. मी मालकांना सुरुवातीलाच सांगते, तुमच्या माणसासाठी नियम सोडायचा असेल तर आधी सांगा, मी त्या दिवशी सगळ्यांसाठी सोडीन.

त्या दिवसाचं पुढे काय झालं तेही सांगते. मुकुंदवाडीचा मुलगा निवडला गेला. गेवराईचा नाही, पण ते मुलाखतीतल्या मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग वाचण्याच्या प्रश्नांमुळे, उशिरामुळे नाही. त्याला मी हे फोन करून सांगितलं, नाहीतर पंक्चरमुळे नोकरी गेली असं तो आयुष्यभर म्हणत राहिला असता. घाटीतला मुलगा पुढच्या बुधवारी दहा मिनिटं आधी आला. तोवर दोन्ही जागा भरल्या होत्या, म्हणून त्याला आमच्या चिकलठाण्याच्या एका ओळखीच्या कारखान्यात पाठवलं.

तुमच्याकडे पुढच्या मुलाखती कधी आहेत माहीत नाही. आदल्या संध्याकाळी नावांची यादी गेटवर द्या, दोन्ही पाळ्यांच्या मामांना दाखवून. आणि रजिस्टरमध्ये 'कधी कळलं' आणि 'कधी कळवलं' असे दोन रकाने वाढवा. तीन-चार महिन्यांनी ते रकाने मालकांसमोर ठेवा आणि मग परत पाठवायच्या नियमाबद्दल त्यांच्याशी बोला.